गॅस बर्नरचा क्रम: पर्ज, पायलटची खात्री आणि फ्लेम फेल ट्रिप – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरे एकाच मांडणीला धरून आहेत: ताशी ५ टन वाफ देणारा तीन पासचा स्मोक ट्यूब बॉयलर, त्याला पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणारा एकच बर्नर. औद्योगिक वसाहतींत फर्नेस ऑइल सोडून गॅसवर आलेले बरेच बॉयलर याच मापाचे असतात. तुमचा बॉयलर लहानमोठा असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

हिशेबासाठी कोणते आकडे धरले आहेत?

५,००० किलो वाफेला ताशी साधारण २७ लाख किलोकॅलरी उष्णता लागते. कार्यक्षमता ८८ टक्के आणि वायूचे उष्णतामूल्य घनमीटरला ८,५०० किलोकॅलरी धरले, तर पूर्ण फायरिंगला ताशी सुमारे ३६० घनमीटर गॅस जळतो. एक घनमीटर गॅसला थोड्या जादा हवेसह ११ घनमीटर हवा लागते. म्हणजे ब्लोअर ताशी जवळजवळ ४,००० घनमीटर हवा देतो. सेकंदाला सांगायचे तर ०.१ घनमीटर गॅस आणि १.१ घनमीटर हवा.

फर्नेस ट्यूब १ मीटर व्यासाची आणि साडेतीन मीटर लांब असेल तर तिचे आकारमान पावणेतीन घनमीटर भरते. दुसरा-तिसरा पास, मागचा-पुढचा चेंबर, इकॉनॉमायझर आणि चिमणीपर्यंतचा डक्ट धरून एकूण ७ घनमीटर होतात.

आणखी एक आकडा लक्षात असावा. नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना तो ठिणगीने पेट घेतो. पाचाच्या खाली मिश्रण फार पातळ असते, पंधराच्या वर फार दाट. बर्नर मॅनेजमेंट सिस्टीममधला प्रत्येक टायमर आणि प्रत्येक इंटरलॉक एकाच प्रश्नासाठी बसवलेला आहे: या क्षणी भट्टीत न जळलेला गॅस किती असू शकतो?

स्टार्ट दिल्यापासून बर्नर मॉड्युलेशनवर जाईपर्यंत काय काय घडते?

आधी सुरक्षा साखळी पाहिली जाते. पाण्याची पातळी, वाफेचा दाब, गॅसचा किमान आणि कमाल दाब हे सगळे संपर्क एकापाठोपाठ जोडलेले असतात. त्यातला एक जरी उघडा असेल तरी पुढे काही होत नाही. त्याच वेळी दोन उलट तपासण्या होतात. एअर प्रेशर स्विच 'हवा नाही' असे दाखवत असला पाहिजे आणि फ्लेम सेन्सर 'ज्योत नाही' असे. ब्लोअर बंद असताना हवा दिसत असेल तर स्विच अडकलेला आहे किंवा कुणीतरी तो शॉर्ट केला आहे. ज्योत दिसत असेल तर सेन्सर खराब आहे, किंवा भट्टीत खरोखरच काहीतरी जळते आहे.

यानंतर व्हॉल्व्हची गळती तपासली जाते, ब्लोअर सुरू होतो आणि डॅम्पर पूर्ण उघडतो. तो उघडल्याचा लिमिट स्विच आला की पर्जचा, म्हणजे आत उरलेला गॅस हवेने बाहेर काढण्याचा, वेळ मोजायला सुरुवात होते. पर्ज संपल्यावर डॅम्पर लो फायरला, म्हणजे कमीत कमी जाळाच्या जागी, येतो आणि तिथला स्विच लागल्याशिवाय ठिणगी पडत नाही. मग इग्निशन ट्रान्सफॉर्मर, पायलट या छोट्या ज्योतीचा व्हॉल्व्ह, पायलटची खात्री, मुख्य व्हॉल्व्ह, मुख्य ज्योतीची खात्री, आणि शेवटी पायलट बंद करून बर्नर लोड कंट्रोलरच्या हाती दिला जातो. डॅम्पर मोटरला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला ३० सेकंद लागत असतील तर या सगळ्याला दोन ते तीन मिनिटे जातात. उत्पादनाच्या घाईत ही मिनिटे डोळ्यांवर येतात आणि ती कमी करून द्या असा आग्रह होतो. ती कुठून आली हे कळल्यावर तसा आग्रह कुणी धरू नये.

पर्जचा वेळ नक्की कसा ठरवायचा?

स्मोक ट्यूब बॉयलरमध्ये आतली हवा निदान ४ वेळा बदलावी आणि वॉटर ट्यूबमध्ये ८ वेळा, असा हिशेब सर्रास धरतात. चारच का, हे आकड्यांतून पाहण्यासारखे आहे. सर्वांत वाईट परिस्थिती अशी समजा की सातही घनमीटर निव्वळ गॅसने भरले आहेत आणि येणारी हवा त्यात पूर्ण मिसळत बाहेर पडते. एकदा हवा बदलली की ३७ टक्के गॅस उरतो, दोनदा बदलल्यावर साडेतेरा, तीनदा बदलल्यावर जवळजवळ ५ टक्के. म्हणजे तीन बदलांनंतर आपण नेमके स्फोटाच्या खालच्या सीमेवर उभे असतो. चौथ्या बदलानंतर १.८ टक्के उरतो, म्हणजे सीमेच्या साधारण एक तृतीयांश. तिथे ठिणगी टाकायला हरकत नाही.

वॉटर ट्यूब बॉयलरमध्ये कोपरे, ड्रमच्या मागच्या जागा आणि बॅफल असतात. तिथली हवा मुख्य प्रवाहाबरोबर हलत नाही, म्हणून आकडा दुप्पट.

आपल्या बॉयलरला ७ घनमीटर चार वेळा, म्हणजे २८ घनमीटर हवा जायला हवी. पर्जच्या वेळी पूर्ण प्रवाहाच्या ७० टक्के हवा धरली तर सेकंदाला ०.७८ घनमीटर. २८ ला ०.७८ ने भागले की ३६ सेकंद येतात. टायमर ४५ वर ठेवावा. नंतर कुणी मोठा इकॉनॉमायझर किंवा लांब डक्ट बसवला तर हिशेब पुन्हा करावा लागतो. नेमके हेच राहून जाते, कारण डक्टचे काम करणारा वेगळा आणि बर्नर बघणारा वेगळा.

डॅम्पर उघडायचा वेळ पर्जमध्ये धरायचा का?

नाही. डॅम्पर पूर्ण उघडल्याचा स्विच आणि हवेचा स्विच दोन्ही लागल्यावरच मोजणी सुरू झाली पाहिजे. मध्येच यातला एक जरी गेला तर झालेला वेळ रद्द होऊन मोजणी शून्यापासून व्हावी. काही हातबनावटीच्या पॅनेलमध्ये टायमर तिथेच थांबतो आणि स्विच परत आल्यावर उरलेला वेळ मोजतो. हे चुकीचे आहे. हवा थांबली की कोपऱ्यांतला गॅस पुन्हा पसरतो आणि वरची सगळी आकडेमोड मोडते.

ब्लोअर मोटरच्या कॉन्टॅक्टरचा सिग्नल असताना वेगळा एअर स्विच कशाला?

कॉन्टॅक्टर फक्त मोटरला वीज गेली एवढे सांगतो. बेल्ट तुटला असेल, इंपेलर शाफ्टवर सैल झाला असेल, सक्शनच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल किंवा चिमणीचा डॅम्पर बंद राहिला असेल, तरी कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो.

यातला सर्वांत फसवा प्रकार उलट फिरण्याचा आहे. मोटर रिवाइंडिंगहून आली किंवा केबलचे काम झाले आणि दोन फेज अदलाबदल झाले की ब्लोअर उलटा फिरतो. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरीच कमी. हात लावला तर हवा लागते, आवाजही येतो आणि माणूस समाधान पावतो. एअर स्विच फार खाली सेट केलेला असेल तर तोही फसतो. म्हणून स्विच असा सेट करावा की लो फायरच्या हवेला तो टिकेल, पण त्याहून थोडी कमी होताच पडेल. त्यासाठी बर्नर लो फायरवर ठेवून सक्शन हळूहळू पुठ्ठ्याने झाका आणि ज्वलन बिघडून धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढायच्या आधी स्विच पडतो का ते फ्लू गॅस अॅनालायझरवर पाहा.

पर्जच्या हवेची खात्री मात्र या एका स्विचवर सोडू नये. तो लो फायरच्या हवेलाही लागतो. पर्जला डॅम्पर पूर्ण उघडल्याचा स्विच सोबत हवाच, आणि तो मोटरच्या कॅमवर असेल तर कॅम आणि डॅम्परमधला दांडा घट्ट आहे हे अधूनमधून हाताने तपासावे.

आधी पायलट लावून मग मुख्य गॅस, हा फेरा कशासाठी? थेट मुख्य बर्नर पेटवला तर?

पुन्हा हिशेब करू. पायलट मुख्य बर्नरच्या ३ टक्के धरला तर सेकंदाला ०.००३ घनमीटर गॅस देतो. लो फायरला हवा सेकंदाला ०.२८ घनमीटर असते. पायलट पेटलाच नाही तरी त्याचा गॅस या हवेत मिसळून सरासरी एक टक्क्याच्या आसपास राहतो. नोझलच्या अगदी तोंडाशी तो दाट असेल, पण भट्टीभर पसरलेले मिश्रण पेट घेऊ शकत नाही. पाच सेकंदांत एकूण गॅस जातो जेमतेम १५ लिटर.

आता मुख्य गॅस लो फायरला, म्हणजे २५ टक्क्यांवर, थेट सोडला असे समजा. सेकंदाला ०.०२५ घनमीटर गॅस आणि ०.२८ घनमीटर हवा, म्हणजे ८ टक्क्यांचे मिश्रण, नेमके पेट घेणाऱ्या पट्ट्यात. पाच सेकंद ते पेटले नाही तर दीड घनमीटर स्फोटक मिश्रण जमते. फर्नेस ट्यूबचा अर्ध्याहून अधिक भाग त्याने भरतो. सहाव्या सेकंदाला ठिणगी लागली तर पुढचे दार उडायला तेवढे पुरते.

म्हणून पेटण्याबद्दलची शंका पायलटवर फेडून घ्यायची. तिथे चूक झाली तर ती पंधरा लिटरची चूक असते. पायलट पक्का आहे हे ठरल्यावरच मुख्य व्हॉल्व्हला वीज मिळते.

पायलट 'सिद्ध झाला' हे कंट्रोलर नेमके कशावरून मानतो?

पायलट व्हॉल्व्ह उघडल्यापासून ठरलेल्या वेळात, आपल्या उदाहरणात ५ सेकंदांत, सेन्सरला ज्योत दिसली पाहिजे. पण एवढे पुरे नाही. यूव्ही सेलला इग्निशनची ठिणगीही अतिनील प्रकाश देते आणि ती ज्योतीसारखीच दिसते. म्हणून ठिणगी बंद केल्यावर काही सेकंद पायलट एकट्याने टिकतो का हे पाहावे लागते. हा मधला टप्पा पॅनेलवर डोळ्यांनी पाहता येतो. ठिणगीचा दिवा विझतो, पायलटचा चालू राहतो, आणि ज्योतीच्या सिग्नलचा काटा क्षणभर हलून स्थिर होतो. ठिणगी विझताच काटा शून्यावर येत असेल तर सेलला आतापर्यंत ठिणगीच दिसत होती, पायलट पेटलाच नव्हता.

यापुढची एक चाचणी फार कमी ठिकाणी होते आणि ती व्हायला हवी. मुख्य गॅसचा हातव्हॉल्व्ह बंद ठेवा, पायलट पेटवा आणि पायलट रेग्युलेटरने दाब हळूहळू कमी करत न्या. सेन्सरचा सिग्नल जेमतेम टिकेल इतका पायलट लहान करा. आता विचारायचे असते ते हे: एवढासा पायलट मुख्य गॅस लगेच पेटवू शकतो का? मुख्य गॅसचा हातव्हॉल्व्ह थोडा उघडून प्रत्यक्ष पाहावे लागते, आणि हे काम बर्नरच्या जाणकारानेच करावे. मुख्य ज्योत एका सेकंदात शांतपणे धरली नाही तर सेन्सरची नजर चुकीच्या जागी आहे. तो पायलटचा असा भाग पाहतो आहे जो मुख्य गॅसच्या वाटेत येतच नाही. मग सेन्सरचा कोन किंवा पायलटची जागा बदलावी लागते. चाचणीनंतर पायलटचा दाब मूळ आकड्यावर आणायला विसरू नये.

मुख्य ज्योत लागल्यावर पायलट बंद का करतात? चालू राहिला तर आधारच होईल ना?

आधार होतो, पण सेन्सर आंधळा होतो. एकच सेन्सर पायलट आणि मुख्य ज्योत दोन्ही पाहत असेल आणि पायलट चालूच राहिला, तर मुख्य ज्योत उचलली जाऊन विझली तरी सेन्सरला पायलट दिसत राहतो. कंट्रोलर गॅस सोडतच राहतो. पायलट काढून घेतल्यावर सेन्सरकडे पाहायला फक्त मुख्य ज्योत उरते आणि ती गेली की लगेच कळते. ज्या बर्नरला पायलट सतत हवा असतो, तिथे दोन स्वतंत्र सेन्सर लावतात.

दर वेळी पायलट बंद होताच बर्नर ट्रिप होतो. काय पाहायचे?

ही तक्रार इतकी येते की सविस्तर लिहितो. ट्रिप नेमकी पायलट बंद होताना आहे, म्हणजे तोवर पायलट दिसत होता आणि मुख्य ज्योत सेन्सरला एकटीने दिसत नाही. दोनच शक्यता उरतात. मुख्य ज्योत नाहीच किंवा ती आहे पण सेन्सरला दिसत नाही.

आधी मागच्या साइट ग्लासमधून दुसऱ्या माणसाला पाहायला सांगा. मुख्य ज्योत पेटून मग विझते, की पेटतच नाही, की ट्रिप होईपर्यंत छान जळत असते? छान जळत असेल तर दोष सेन्सरच्या नजरेचा आहे. यूव्ही सेल बाहेर काढून काच पुसा. तिच्यावर तेलाचा पातळ थर किंवा दमट हवेचा पडदा असला तरी अतिनील प्रकाश अडतो, डोळ्यांना काच स्वच्छ दिसत असली तरी. मग सेलच्या नळीतून डोळ्यांनी पाहा. नळीसमोर डिफ्यूझरचे पाते येते आहे का, नळी वाकली आहे का, ज्योतीचे मूळ नजरेत येते का. अतिनील प्रकाश ज्योतीच्या मुळाशी सर्वांत जास्त असतो. सेल ज्योतीच्या टोकाकडे पाहत असेल तर डोळ्याला पिवळा-निळा जाळ भरपूर दिसेल, पण सिग्नल मिळणार नाही.

मुख्य ज्योत पेटून विझत असेल तर हवा-गॅसचे प्रमाण बिघडले आहे. लो फायरला हवा जास्त असेल तर ज्योत बर्नरच्या तोंडापासून उचलली जाते. पायलट तिला खाली धरून ठेवतो आणि तो गेला की ती सुटते. गॅसचा दाब पाहा, लो फायरच्या डॅम्परची जागा पाहा, डिफ्यूझर प्लेट जळून तडकली आहे का ते पाहा. गॅस फिल्टर तुंबला असेल तर पायलटच्या थोड्या गॅसला काही फरक पडत नाही, पण मुख्य व्हॉल्व्ह उघडताच दाब कोसळतो. हे ओळखायला रेग्युलेटरच्या पुढचा दाबमापक त्याच क्षणी कुणीतरी बघत असला पाहिजे. थांबलेल्या बर्नरवर तो दाब नेहमीच चांगला दिसतो.

आणि वारंवार रिसेट मारून बघू नका. दोन लॉकआउटनंतर हात बाजूला ठेवून कारण शोधायचे.

चालू बर्नरची ज्योत विझली तर कंट्रोलर काय करतो, आणि किती वेळात?

पूर्ण फायरिंगला ज्योत विझली तर दर सेकंदाला १.२ घनमीटर मिश्रण, गॅसचे प्रमाण ८ टक्के, तापलेल्या भट्टीत जाते. युरोपीय पद्धतीच्या कंट्रोलरला ज्योत गेल्याचे ओळखायला एक सेकंद मिळतो आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला जास्तीत जास्त एक सेकंद. दोन सेकंदांत २.४ घनमीटर, म्हणजे फर्नेस ट्यूब जवळजवळ भरते. अमेरिकन पद्धतीत ओळखायला ४ सेकंदांपर्यंत मुभा आहे. बंद होण्याचा एक सेकंद धरून ५ सेकंदांत ६ घनमीटर होतात, म्हणजे आपला सगळा बॉयलर. या मापाच्या बर्नरला एक सेकंदाचाच कंट्रोलर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. सिग्नल थोडा हलला की ट्रिप होते म्हणून जास्त वेळाचा कंट्रोलर मागणारे असतात. त्यांना सिग्नल का हलतो हे शोधायला सांगावे.

ट्रिपच्या वेळी दोन्ही मुख्य व्हॉल्व्हची वीज जाते आणि ते स्प्रिंगने बंद होतात. पायलट व्हॉल्व्ह आणि ठिणगीही बंद. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये व्हेंट असेल तर तो उघडून मधला गॅस छपराबाहेर सोडतो. भोंगा वाजतो आणि कंट्रोलर लॉकआउटला जातो. तिथून तो आपोआप परत येत नाही, माणसाने येऊन बटण दाबावे लागते. काही कंट्रोलरमध्ये ज्योत गेल्यावर एकदा आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय असते. या मापाच्या वाफेच्या बॉयलरला ती बंद ठेवावी.

ट्रिप झाल्यावर ब्लोअर बंद करायचा की चालू ठेवायचा?

चालू असेल तर चालू राहू द्या. पूर्ण हवेला सात सेकंदांत आतली हवा एकदा बदलते आणि अर्ध्या मिनिटाच्या आत चारदा.

एका बाबतीत मात्र सावध राहावे. ट्रिपच्या आधी चिमणीतून काळा धूर येत असेल, ज्योत लांब आणि लालसर असेल, म्हणजे भट्टीत गॅस जास्त आणि हवा कमी होती, तर डॅम्पर एकदम उघडू नका. दाट मिश्रणात अचानक हवा घातली की ते पंधरा टक्क्यांच्या खाली उतरून पेट घेणाऱ्या पट्ट्यातून जाते, आणि भट्टीतल्या विटा अजून तापलेल्या असतात. हवा होती तेवढीच ठेवून काही वेळ जाऊ द्यावा, मग हळूहळू वाढवावी.

ब्लोअरच बंद पडल्यामुळे ट्रिप झाली असेल तर तो लगेच सुरू करण्याचीही घाई नको. डॅम्पर सावकाश उघडून चिमणीच्या नैसर्गिक ओढीने १५ मिनिटे हवा जाऊ द्यावी, मग ब्लोअर.

कंट्रोलरच्या खिडकीतली खूण वाचून दोष कळतो का?

बराचसा. पूर्वी लँडिस अँड गिर आणि नंतर सीमेन्स नावाने आलेला LFL1 हा फिरत्या चकतीचा कंट्रोलर आजही अनेक बॉयलर हाउसमध्ये आहे. दोष आला की चकती तिथेच थांबते. खिडकीत P दिसला तर हवेचा सिग्नल आला नाही किंवा गेला. 1 दिसला तर पहिल्या सुरक्षा-वेळेत, म्हणजे पायलटच्या वेळी, ज्योत मिळाली नाही. 2 म्हणजे मुख्य ज्योतीच्या वेळी मिळाली नाही. उभी रेघ म्हणजे चालू असताना ज्योत किंवा हवा गेली. काळा चौकोन म्हणजे ज्योत पाहणाऱ्या सर्किटमध्येच दोष, उदाहरणार्थ ज्योत नसताना सिग्नल. वर टोक केलेला त्रिकोण म्हणजे डॅम्पर पूर्ण उघडल्याचा स्विच आला नाही, खाली टोक केलेला म्हणजे लो फायरचा आला नाही. या दोन त्रिकोणांवर लॉकआउट नसतो, कंट्रोलर वाट पाहत थांबलेला असतो. बहुधा कॅम सरकलेला असतो.

रिसेट दाबले की चकती फिरून मूळ जागी जाते आणि पुरावा नाहीसा होतो. म्हणून आधी खूण लॉगबुकात लिहायची, मग बटण.

यूव्ही सेल की फ्लेम रॉड?

गॅसला दोन्ही चालतात. यूव्ही सेल तापलेल्या विटांच्या प्रकाशाला फसत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण नळी जुनी झाली की ती कधी कधी ज्योत नसतानाही सिग्नल देत राहते, आणि हा बिघाड धोक्याच्या बाजूचा आहे. साधा कंट्रोलर हे फक्त सुरू होण्याच्या आधी पकडतो. बॉयलर दिवसातून एकदा तरी बंद होत असेल तर ठीक. २४ तासांहून अधिक सलग चालत असेल तर स्वतःची तपासणी करणारा सेन्सर लागतो, ज्यात छोटे झाकण दर काही सेकंदांनी नळीसमोर येते आणि तेवढ्यापुरता सिग्नल पडतो की नाही हे पाहिले जाते. साखर कारखाना असो की डाइंग युनिट, सलग चालणाऱ्या बॉयलरवर साधा सेल दिसला तर तो आधी बदलावा.

फ्लेम रॉड ज्योतीतून जाणारा एकदिश सूक्ष्म प्रवाह मोजतो, मायक्रोअँपिअरमध्ये. तो शॉर्ट झाला तर उलटसुलट प्रवाह वाहतो आणि कंट्रोलर त्याला ज्योत मानत नाही, म्हणून त्याचा बिघाड सुरक्षित बाजूला जातो. त्रास होतो तो वायरिंगचा. प्रवाह बर्नरच्या बॉडीतून अर्थिंगमार्गे न्यूट्रलला परत जातो. पॅनेलला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवला आणि त्याच्या दुय्यम बाजूचे एक टोक अर्थला जोडले नाही, तर ज्योत लखलखीत असूनही सिग्नल शून्य. फेज-न्यूट्रल उलटे झाले तरी तेच. पावसाळ्यात रॉडच्या पोर्सेलिनवर ओलावा आणि काजळी जमून प्रवाह गळतो, ते कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. रॉडची वायर इग्निशनच्या हाय टेन्शन केबलबरोबर एकाच पाइपातून कधीही नेऊ नये.

दोन मुख्य व्हॉल्व्ह असताना गळतीची तपासणी कशाला?

सीटमध्ये वेल्डिंगचा एक कण अडकला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि ते बाहेरून कळत नाही. रात्रभर थांबलेल्या बॉयलरमध्ये गॅस हळूहळू भरतो. पर्ज तो काढून टाकतो, पण पर्ज संपल्यानंतरही गळती चालूच असते. गळती तपासणारे उपकरण दोन व्हॉल्व्हच्या मधला भाग एकदा रिकामा करून दाब वाढतो का पाहते, म्हणजे पहिला व्हॉल्व्ह गळतो का. मग भरून दाब पडतो का पाहते, म्हणजे दुसरा. युरोपीय मानकात १,२०० किलोवॉटच्या वरच्या बर्नरला ते बंधनकारक आहे. आपला बर्नर साधारण ३,५०० किलोवॉटचा आहे.

साध्या पीएलसीवर हा सगळा क्रम लिहिला तर चालेल का?

क्रम लिहिता येतो, सुरक्षा नाही. साध्या पीएलसीचा आउटपुट रिले चिकटला किंवा प्रोसेसर मध्येच थांबला तर गॅस व्हॉल्व्ह उघडाच राहू शकतो. ज्योतीचा रिले, हवेचा स्विच, पाण्याची पातळी आणि इमर्जन्सी स्टॉप यांचे संपर्क थेट व्हॉल्व्हच्या वीजवाटेत असावेत, म्हणजे पीएलसी काहीही म्हणो, साखळी तुटली की व्हॉल्व्ह बंद. नाहीतर या कामासाठी प्रमाणित सुरक्षा पीएलसी घ्यावा. लॅपटॉप जोडून पर्जचा टायमर कुणालाही बदलता येत असेल तर त्या पर्जवर विसंबता येत नाही.

फ्लेम फेलची चाचणी कशी घ्यायची?

आठवड्यातून एकदा, लो फायरवर, पाण्याची पातळी आणि दाब नीट असताना. यूव्ही सेल होल्डरमधून काढा, हाताच्या मुठीत झाका आणि दुसऱ्या माणसाने स्टॉपवॉचवर व्हॉल्व्हचा 'खट' आवाज येईपर्यंतचा वेळ मोजावा. सेल काढलेले भोक लगेच झाका, तिथून गरम वायू बाहेर येऊ शकतो. मुख्य गॅसचा हातव्हॉल्व्ह बंद करून ही चाचणी घेतली तर बहुतेक वेळा गॅसच्या किमान दाबाचा स्विच आधी पडतो आणि आपण ज्योतीची चाचणी घेतली असा गैरसमज होतो. कोणत्या खुणेवर चकती थांबली ते पाहिले की हे लगेच कळते.

मोजलेला वेळ आणि ज्योतीच्या सिग्नलचा आकडा लो, मध्य आणि हाय फायरला दर आठवड्याला लिहून ठेवा. लो फायरला सिग्नल चांगला आणि हाय फायरला उतरत असेल तर ज्योत नजरेतून सरकते आहे. तिन्ही ठिकाणी आठवड्यागणिक थोडा थोडा उतरत असेल तर काच काळवंडते आहे किंवा नळी संपत आली आहे. यूव्ही नळीचे आयुष्य साधारण १०,००० तासांचे धरतात. सलग चालणाऱ्या बॉयलरला म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात ती बदलायची, आणि एक नवी नळी बॉयलर हाउसच्या कपाटात असायची.